नफा 12 लाख, बँकेत 7 लाख: सूत, माग आणि हिशोबाच्या पद्धती

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाचा लॅपटॉप काखेत मारून घरी आला. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत त्याचा आणि त्याच्या मित्राचा भागीदारीतला टॉवेलचा कारखाना आहे. चहा यायच्या आधीच त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मामा, हिशोबात कायतरी चुकालंय. इथं नफा 12 लाख दाखवालाय, आणि बँकेत वर्षभरात 7 लाखच वाढलेत. मधले 5 लाख कुठं गेले?"

मी सोलापुरात कारखानदारांचे हिशोब लिहिण्यात उभं आयुष्य घालवलं. हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतोच, आणि विचारताना त्याचा संशय बहुतेक वेळा मुनिमावर असतो. भाच्याचा संशय माझ्यावर होता, एवढाच फरक.

त्याचे आकडे इथे शून्यं कमी करून, सोपे करून मांडतो. धंदा खरा याहून मोठा आहे, पण गणित हेच. 1 एप्रिलला गोदामात 10,000 किलो सूत होतं, 200 रुपये किलोने घेतलेलं. जूनमध्ये आणखी 10,000 किलो घेतलं, तेव्हा भाव 220 झाला होता. डिसेंबरमध्ये तिसरी 10,000 किलोची खरेदी 250 ने झाली. वर्षभरात 20,000 किलो सूत मागावर चढलं, त्याचे टॉवेल झाले आणि सगळे विकले गेले. 31 मार्चला गोदामात पुन्हा 10,000 किलो शिल्लक. टॉवेलची विक्री 80 लाख. रंगाई, मजुरी, वीज, गाडीभाडं असा इतर खर्च 26 लाख. मागाचा घसारा, म्हणजे त्याच्या किमतीतला त्या वर्षाच्या वाट्याचा खर्च, अजून लावलेला नव्हता.

आता पैशाचा हिशोब करा. विक्रीचे 80 लाख आले. सुताला 22 आणि 25 मिळून 47 लाख गेले, इतर खर्चाला 26 लाख. हातात उरले 7 लाख. बँक खोटं बोलत नव्हती.

मग नफा 12 लाख कसा? कारण नफा काढताना वर्षात किती सूत घेतलं हे विचारत नाहीत, विकलेल्या टॉवेलात किती रुपयांचं सूत गेलं हे विचारतात. आणि त्याचं उत्तर एकच नसतं. गोदामात तीन भावांचं सूत होतं. मागावर गेलेलं 20,000 किलो त्यातलं कोणतं?

कोणती गोणी आधी निघाली?

पहिली पद्धत म्हणते, जे आधी आलं ते आधी गेलं. हिशोबाच्या भाषेत हिला फिफो म्हणतात. मग मागावर गेलेलं सूत म्हणजे 200 वालं 20 लाखांचं आणि 220 वालं 22 लाखांचं, एकूण 42 लाख. गोदामात उरलं ते डिसेंबरचं, 25 लाखांचं. 80 मधून 42 आणि 26 वजा केले की राहिले 12 लाख. भाच्याच्या स्क्रीनवरचा आकडा हाच.

दुसरी पद्धत उलटी, जे शेवटी आलं ते आधी गेलं. ही लिफो. वर्षाचा एकत्र हिशोब धरला तर मागावर गेलं 250 वालं आणि 220 वालं, एकूण 47 लाखांचं. उरलं ते सगळ्यात जुनं, 20 लाखांचं. नफा 7 लाख.

भाचा हसला. "मग हीच बरोबर की! बँकेशी जुळालीय."

जुळली हे खरं, आणि का जुळली हे नीट बघण्यासारखं आहे. वर्षाच्या सुरुवातीला गोदामात 10,000 किलो होतं, शेवटीही 10,000 किलोच. गोण्या तेवढ्याच, पण फिफोत सुरुवातीच्या साठ्याची किंमत 20 लाख आणि शेवटच्याची 25 लाख. भाच्याचे हरवलेले 5 लाख त्या फरकात आहेत. भाव चढल्यामुळे तेवढंच सूत गोदामात टिकवून ठेवायला त्याला 5 लाख जास्त ओतावे लागले. फिफो ते 5 लाख नफा म्हणून दाखवतं, कारण स्वस्तात घेतलेलं सूत त्याने महाग बाजारात टॉवेल करून विकलं. लिफो म्हणतं, नफा कसला, लगेच तेवढंच महाग सूत आणावं लागलं ना? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. फिफोचा ताळेबंद खरा वाटतो, कारण शिल्लक सूत ताज्या भावाच्या जवळ असतं. लिफोचं नफातोटा पत्रक खरं वाटतं, कारण आजच्या विक्रीसमोर आजचा खर्च बसतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतील अशी पद्धत मला अजून भेटलेली नाही.

इथे भाच्याने एक मुद्दा काढला, जो नवशिक्या अकाउंटंटही काढतात. "मामा, आमच्या गोदामात खरंच शेवटची गोणीच आधी निघते. हमाल दारापाशी थप्पी लावतात, आणि दारापाशी असेल तीच उचलतात." गोणी कुठली निघाली याच्याशी या पद्धतींचा संबंध नाही. हे खर्चाच्या क्रमाबद्दलचं गृहीतक आहे. गोदामात सगळं सरमिसळ झालेलं असलं तरी वहीत फिफो चालतं. आत जुनं सूत पडून राहून खराब होत असेल तर ती गोदामाची अडचण, तिचा बंदोबस्त हमालाशी बोलून करायचा.

पाच लाख कुठे पळत नाहीत

भाच्याच्या डोक्यात एव्हाना दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. नफा 5 लाखांनी कमी, म्हणजे कर कमी. भागीदारी संस्थेला प्राप्तिकर सरळ 30 टक्के, वर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. 5 लाखांवर 1,56,000 रुपये. "एवढे वाचतील की!"

वाचतील नाही, लांबतील. पुढचं वर्ष धरून बघा. समजा भाव 250 वरच थांबला, त्याने 20,000 किलो सूत 50 लाखांना घेतलं आणि ऑर्डरी चांगल्या आल्या म्हणून गोदाम रिकामं करून सगळं 30,000 किलो वापरलं. फिफोत त्या वर्षीचा सुताचा खर्च 25 अधिक 50, म्हणजे 75 लाख. लिफोत 20 अधिक 50, म्हणजे 70 लाख. दोन वर्षांची बेरीज करा: फिफोत 42 आणि 75, लिफोत 47 आणि 70. दोन्हीकडे 117 लाख. पहिल्या वर्षी लपलेले 5 लाख दुसऱ्या वर्षी नफ्यात येऊन बसले. सूत विकत घेताना जेवढे पैसे मोजले, तेवढाच खर्च शेवटी कुठल्याही पद्धतीत दिसणार. पद्धत फक्त कुठल्या वर्षात किती दिसेल ते ठरवते.

अर्थात गोदाम कधीच रिकामं झालं नाही आणि भाव चढतच राहिले, तर लिफोतली ती पुढे ढकललेली रक्कम वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. अमेरिकेत म्हणूनच ही पद्धत टिकली. तिथे 1930 च्या दशकाच्या अखेरीस कर कायद्यात लिफोला जागा मिळाली, ती एका अटीवर: करासाठी लिफो वापरत असाल तर भागधारकांनाही लिफोचाच, म्हणजे कमी नफा दाखवायचा. करवाल्याला रडका चेहरा आणि बाजाराला हसरा, असं चालत नाही. तिथल्या जुन्या कंपन्यांच्या ताळेबंदात कित्येक दशकांपूर्वीच्या भावाने साठा बसलेला असू शकतो. आणि संप, टंचाई अशा कारणाने साठा एकदम खाली गेला की ते जुने, स्वस्त थर नफ्यात येतात. त्या वर्षी विक्री घटूनही नफा फुगलेला दिसतो आणि कर भरावा लागतो, तोही अडचणीच्या वर्षात.

हे सगळं ऐकून भाच्याने टॅलीत सुताच्या आयटमवर जाऊन मला यादी दाखवली. किंमत काढण्याच्या पद्धतींमध्ये `FIFO`, `Avg. Cost` यांच्या रांगेत `LIFO Annual` आणि `LIFO Perpetual` असे पर्याय होते. "सॉफ्टवेअर देतंय म्हणजे चालत असणार."

नाही चालत. सॉफ्टवेअर जगभर विकायचं असतं आणि यादीत पर्याय असणं म्हणजे कायद्याची परवानगी नव्हे. आपल्याकडे साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखा मानक, एएस 2, सुतासारख्या एकमेकांत मिसळणाऱ्या मालाला दोनच रस्ते देतं: फिफो किंवा भारित सरासरी. प्राप्तिकरासाठी वेगळी मानकं आहेत, आयसीडीएस नावाची, त्यातलं साठ्याचं मानकही हेच म्हणतं. आंतरराष्ट्रीय मानकातून लिफो 2003 च्या सुधारणेत गेलं. तेव्हा भाच्याला लिफोचे 1,56,000 मिळणार नव्हते, एका वर्षापुरतेही नाहीत.

पण भारित सरासरीचा रस्ता उघडा आहे, आणि त्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. एकूण 67 लाखांचं सूत भागिले 30,000 किलो, म्हणजे किलोला 223 रुपये 33 पैसे. मागावर गेलेलं सूत सुमारे 44.67 लाखांचं, शिल्लक 22.33 लाखांचं. नफा 9.33 लाख, फिफोपेक्षा 2.67 लाखांनी कमी. सुताचे भाव लाटांसारखे वरखाली होतात अशा धंद्यात सरासरी मला जास्त पटते. चढाच्या वर्षी नफा फुगत नाही, उताराच्या वर्षी एकदम कोसळत नाही. भाच्याला निवडायची मोकळीकही होती, कारण आदल्या वर्षीचा सगळा साठा एकाच भावाचा होता. तेव्हा पद्धतीचा प्रश्नच आला नव्हता. एकदा निवडली की मात्र तीच धरून चालावं लागतं. यंदा भाव चढले म्हणून सरासरी, पुढच्या वर्षी पडले म्हणून फिफो, असा खेळ मानकं चालू देत नाहीत. सबळ कारणाशिवाय पद्धत बदलता येत नाही, आणि बदललीच तर नफ्यावर किती फरक पडला ते सांगावं लागतं.

भाव पडला की चित्र उलटं

आतापर्यंतचं सगळं चढत्या भावाचं गणित होतं. उतरत्या भावात फिफोचा नफा कमी येतो आणि लिफोचा जास्त, कारण फिफोत जुनं महाग सूत आधी खर्ची पडतं. 2022 च्या मे महिन्यात रुईची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली होती आणि वर्ष संपेपर्यंत बरीच खाली आली. त्या शिखरावर सूत भरून ठेवलेल्या कारखानदारांना फिफोचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

अशा वेळी आणखी एक नियम लागतो. साठा खरेदी किंमत किंवा विकून हाती येणारी किंमत, यांतली जी कमी असेल तिनेच दाखवायचा. यात कारखानदार एक चूक हमखास करतात. सुताचा भाव 250 वरून 210 झाला, की शिल्लक सूत ते लगेच 210 ने लावतात आणि नफा खाली ओढतात. पण सूत हा कच्चा माल आहे. त्या 250 च्या सुताचे टॉवेल, पुढचा सगळा खर्च धरून, अजूनही खर्चाच्या वर विकले जाणार असतील, तर सूत 250 नेच राहतं. टॉवेलच तोट्यात जाणार असतील तरच खाली आणायचं. तयार मालाला नियम थेट लागतो, कच्च्या मालाला तयार मालाच्या आडून.

मी कुणाचा हिशोब तपासायला घेतला की आधी एक सोपा भागाकार करतो. अखेरच्या साठ्याची रक्कम भागिले किलो. फिफो असेल तर हा दर शेवटच्या एक-दोन बिलांच्या जवळ यायला हवा, सरासरी असेल तर वर्षाच्या दरांच्या मधे कुठेतरी. भाव चढत असताना तो दर वर्षभरातल्या सगळ्या बिलांपेक्षा खाली आला, तर कुणीतरी लिफो तरी वापरलंय किंवा गेल्या वर्षीचा दरच पुढे ओढलाय. नंतर बँकेला दर महिन्याला जातं ते स्टॉक स्टेटमेंट काढतो. कर्जाची मर्यादा वाढवायला तिथे ताजा चढा भाव आणि कर वाचवायला ताळेबंदात जुना भाव, असे दोन 31 मार्च मी पाहिले आहेत. दोन्ही कागद एकाच संस्थेचे, एकाच सहीचे.

आता माग

सुतानंतर भाच्याचा दुसरा कागद होता रॅपियर मागाचा. वापरलेला, 20 लाखांना घेतलेला, पैसे 31 मार्चच्या आधी आदल्या वर्षातच दिलेले, मे महिन्यात चालू झालेला. तो साधारण 10 वर्षं चालेल आणि शेवटी भंगारात 2 लाख येतील असा आमचा अंदाज.

सूत एका वर्षात संपतं, माग दहा वर्षांत. त्यामुळे 20 लाख एकाच वर्षाच्या खर्चात टाकता येत नाहीत, वापराच्या वर्षांवर वाटावे लागतात. या वाटणीला घसारा म्हणतात. आणि इथेही प्रश्न तोच, कुठल्या वर्षाला किती.

सरळ रेषा पद्धतीत वाटणी समान. 20 मधून भंगाराचे 2 वजा, उरलेले 18 लाख भागिले 10, दर वर्षी 1,80,000. घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत, जिला ऑफिसात सगळे डब्ल्यूडीव्ही म्हणतात, दर वर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के. 15 टक्के धरले तर पहिल्या वर्षी 20 लाखांवर 3,00,000. मग उरले 17 लाख, त्यावर दुसऱ्या वर्षी 2,55,000. तिसऱ्या वर्षी 2,16,750, चौथ्या वर्षी 1,84,238. पाचव्या वर्षी तो 1,56,602 होतो, म्हणजे सरळ रेषेच्या खाली जातो. टक्का तोच राहतो, ज्यावर तो लागतो ती शिल्लक आटत जाते.

मागासाठी कोणती जास्त खरी? माझं मत घटत्या शिल्लकीच्या बाजूने आहे. माग जुना होत जातो तसा दुरुस्तीचा खर्च वाढतो. सुरुवातीला घसारा जास्त आणि दुरुस्ती कमी, पुढे घसारा कमी आणि दुरुस्ती जास्त, त्यामुळे दोघांचा मिळून भार बराचसा सारखा राहतो. शेडसारख्या गोष्टीला सरळ रेषा शोभते, कारण ती पहिल्या वर्षी जेवढी उपयोगी तेवढीच दहाव्या वर्षी. पण हे मत वहीपुरतं. करात मताला जागा नाही.

प्राप्तिकर कायद्यात वीजनिर्मितीसारखा अपवाद सोडला तर घसारा घटत्या शिल्लकीनेच मिळतो, आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीला दर 15 टक्के. वहीत तुम्ही सरळ रेषा धरा नाहीतर आणखी काही. कंपनी असेल तर कंपनी कायद्याची दुसरी अनुसूची लागते. त्यात यंत्रांना साधारण 15 वर्षांचं आयुष्य धरलंय आणि दोन्ही पद्धती चालतात. करासाठी वहीतला घसारा नफ्यात परत मिळवायचा आणि प्राप्तिकर कायद्याचा घसारा वजा करायचा. भाच्याला हे ऐकून धक्का बसला. "म्हणजे दोन वह्या?" दोन वह्या नव्हेत, एकाच वहीवरून केलेली दोन गणितं, आणि दुसरं गणित उघडपणे विवरणपत्रात जातं. ज्याला बाजारात दोन नंबर म्हणतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

या दोन गणितांतला फरक पैशात बघू. वहीत 1.8 लाख, करात 3 लाख. पहिल्या वर्षी कर 1.2 लाखांवर कमी लागला, म्हणजे 37,440 रुपये कमी. चार वर्षांत करातला घसारा एकूण 9,55,988 आणि वहीतला 7,20,000. फरक 2,35,988, त्यावरचा कर सुमारे 73,600 रुपये. तेवढे पैसे चौथ्या वर्षाअखेर भाच्याकडेच असतात, जे पुढच्या वर्षांत हळूहळू परत जातात. व्याज नसलेलं कर्जच म्हणा. कॅश क्रेडिटवर बँकेला व्याज भरणाऱ्याला याची किंमत लगेच कळते. ताळेबंदात ही रक्कम स्थगित कर म्हणून देण्याच्या बाजूला दिसते, आणि ती तिथे का आलीय हे कुणाला विचारलं तर निम्मे लोक "ऑडिटरने टाकली" एवढंच सांगतात.

घसाऱ्यात एक गोष्ट सुताच्या अगदी उलट आहे. सुतात नफा दिसतो आणि पैसा गोदामात असतो. घसाऱ्यात खर्च दिसतो आणि पैसा कुठेच जात नाही, तो माग घेतला तेव्हाच गेलेला असतो.

यात लोक अडकतात ते 180 दिवसांच्या नियमात. आर्थिक वर्षात यंत्र 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं, तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा, 15 ऐवजी साडेसात टक्के. साधारण 3 ऑक्टोबरपर्यंत यंत्र चालू व्हायला हवं. बिलाची तारीख इथे उपयोगाची नाही, चालू झाल्याची लागते. एका ओळखीच्या कारखानदाराचे माग ऑगस्टमध्ये शेडमध्ये येऊन बसले, पण विजेचा वाढीव भार मिळेपर्यंत ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडला. बिलं ऑगस्टची म्हणून त्याने पूर्ण घसारा घेतला. तपासणीत वीजबिलातली युनिटं मागितली गेली, आणि सप्टेंबरचं बिल रिकाम्या शेडएवढंच होतं. तेव्हापासून मी माग चालू झाल्याच्या दिवसाची नोंद, पहिल्या ताग्याचं चलन आणि त्या महिन्याचं वीजबिल एका फायलीत ठेवायला सांगतो. निम्मा घसारा बुडत नाही. तो शिल्लक किमतीत राहतो आणि पुढे मिळतो. पण लवकर मिळण्याचा फायदा जातो.

नवीन यंत्र असतं तर उत्पादकाला पहिल्या वर्षी जादा 20 टक्क्यांची तरतूद बघता आली असती. भाच्याचा माग वापरलेला, म्हणून ती नाही. आणि ठरावीक उलाढालीच्या आत राहून, उलाढालीचे ठरावीक टक्के हाच नफा धरणारी अंदाजित उत्पन्नाची योजना घेतली, तर घसारा त्या टक्केवारीतच मिळाला असं धरतात, वेगळा मागता येत नाही. भाच्याची खरी उलाढाल त्या मर्यादेच्या पुढची आहे.

माग विकला तर?

पाच वर्षांनी माग 10 लाखांना विकला असं धरा. सरळ रेषेने वहीत त्याची किंमत उरलेली असेल 11 लाख, म्हणजे 1 लाखाचा तोटा. घटत्या शिल्लकीने उरलेले असतील 8,87,411 रुपये, म्हणजे 1,12,589 चा फायदा. एकच माग, एकच गिऱ्हाईक, एकच चेक, आणि एका वहीत तोटा, दुसरीत फायदा. पण पाच वर्षांचं सगळं एकत्र करा. पहिल्यात घसारा 9 लाख आणि तोटा 1 लाख, एकूण 10 लाख. दुसरीत घसारा 11,12,589 आणि त्यातून फायदा वजा, पुन्हा बरोबर 10 लाख. माग 20 ला घेतला, 10 ला विकला, त्याने 10 लाख खाल्ले. हे कुठल्याही पद्धतीने बदलत नाही.

करात तर एकट्या मागाला नावच राहत नाही. एका दराची सगळी यंत्रं एका गटात टाकतात, ज्याला ब्लॉक म्हणतात. माग विकला की त्याचे 10 लाख त्या गटाच्या शिल्लक किमतीतून वजा होतात आणि उरलेल्यावर घसारा चालू राहतो. विक्रीची रक्कम पूर्ण गटाच्या शिलकीपेक्षा मोठी झाली, तरच वरच्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागतो. उलट गटातलं एकूण एक यंत्र विकलं आणि शिल्लक उरली, तर तो भांडवली तोटा होतो, घसारा नव्हे. म्हणून एकच माग असलेल्या माणसाने तो विकताना जरा थांबून विचारावं. नवा माग त्याच वर्षी गटात आला तर हिशोब वेगळा होतो.

भाच्याचं पत्रक शेवटी असं झालं. वहीत फिफो आणि सरळ रेषा धरली असती तर नफा 10.2 लाख. लिफो चाललं असतं आणि त्याला घटती शिल्लक जोडली असती, तर त्याच वर्षाचा, त्याच टॉवेलांचा नफा 4 लाख. मध्ये 6.2 लाखांची दरी, आणि बँकेतला एकही रुपया हललेला नाही. खऱ्या पर्यायांत कराचं उत्पन्न फिफोने 9 लाख आणि कर 2,80,800. सरासरीने 6.33 लाख आणि कर 1,97,600. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज यात धरलेलं नाही, ते धरलं की दोन्ही आकडे खाली येतात.

त्याने बराच वेळ विचार केला, मित्राला फोन लावला, आणि सुताच्या आयटमवर `Avg. Cost` निवडलं. मग म्हणाला, "मामा, बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटला पण हाच दर टाकू ना? लिमिट कमी येईल."

"हाच टाक," मी म्हणालो, "आणि 31 मार्चचं आधीच पाठवलंस का ते आधी बघ."

त्याने पाठवलं होतं. 250 च्या दराने.